आयगेन व्हेक्टर काढताना (0, 0, 0) उत्तर आले, तर चूक नेमकी कुठे शोधावी?

मैथिली_रावपुरा

नमस्कार. मी वडोदऱ्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकते. आमच्या अंतर्गत परीक्षेत पुढील मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर काढायला सांगितले होते.

```
     4  -1   3
A =  4   0   6
     2  -1   5
```

समीकरण λ³ − 9λ² + 24λ − 20 = 0 असे आले आणि त्याची मुळे 5, 2, 2 मिळाली. इथपर्यंत मला पूर्ण गुण आहेत. λ = 5 साठी मी A − 5I च्या पहिल्या दोन ओळी घेऊन वर्गात शिकवल्याप्रमाणे तिरकस गुणाकार केला, तेव्हा 9, 18, 9 असे आकडे आले आणि त्यावरून (1, 2, 1) हा व्हेक्टर मिळाला. तोही बरोबर धरला आहे. λ = 2 साठी मात्र हीच रीत वापरल्यावर x, y आणि z या तिघांखालीही शून्य आले, म्हणून मी उत्तर (0, 0, 0) असे लिहिले. शिवाय मी ताळाही करून पाहिला होता. A ला या व्हेक्टरने गुणले तरी शून्य येते आणि त्याची 2 पट केली तरी शून्यच येते, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. उत्तरपत्रिकेवर "शून्य सदिश चालत नाही" एवढाच शेरा आहे. तो का चालत नाही, आणि ताळा जुळूनही माझे कुठे चुकले, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतापनगरचा_पार्थ

व्याख्येतच म्हटले आहे की आयगेन व्हेक्टर शून्येतर असावा लागतो. त्यामुळे शून्य उत्तर आले की आपण काढलेली λ चुकली आहे असे समजावे आणि डिटरमिनंट पुन्हा सोडवावा. आम्हाला असेच सांगितले आहे. तुमच्या समीकरणात कुठेतरी चिन्ह चुकले असणार. एकदा पुन्हा तपासून पाहा.

दांडियाबाजार_शिकवणी

पार्थ यांनी सांगितलेला नियम एका परिस्थितीत अगदी खरा आहे, पण मैथिलीची परिस्थिती ती नाही, आणि या दोहोंत गल्लत होते म्हणूनच मुले बरोबर आलेली λ खोडून वेळ घालवतात. मैथिलीची λ बरोबर आहे. कर्णावरील संख्यांची बेरीज 4 + 0 + 5 = 9 आहे आणि 5 + 2 + 2 सुद्धा 9 आहे. डिटरमिनंट 20 आहे आणि 5 × 2 × 2 सुद्धा 20 आहे. तेव्हा मागे जाण्याची गरज नाही.

आता A − 2I लिहून, कोणतीही रीत लावण्यापूर्वी, त्याच्याकडे नुसते पाहा.

```
2  -1   3
4  -2   6
2  -1   3
```

दुसरी ओळ पहिलीची दुप्पट आहे आणि तिसरी तर पहिलीच पुन्हा लिहिलेली आहे. म्हणजे कागदावर तीन समीकरणे दिसत असली तरी हातात समीकरण एकच आहे: 2x − y + 3z = 0. तिरकस गुणाकाराची रीत दोन खरोखर वेगळ्या समीकरणांसाठी आहे. भूमितीच्या भाषेत सांगायचे तर दोन वेगळी प्रतले ज्या रेषेत छेदतात, त्या रेषेची दिशा ती रीत देते. आपण तिला एकच प्रतल दोनदा दिले, तर छेदरेषा उरतच नाही आणि रीत 0, 0, 0 असे आकडे देते. त्या आकड्यांचा अर्थ "उत्तर शून्य आहे" असा नसून "या दोन ओळींवरून मला दिशा ठरवता येत नाही" असा आहे. मैथिली, तू रीतीचे मौन उत्तर म्हणून लिहिलेस, आणि नेमकी चूक तिथे आहे.

ताळ्याचे म्हणशील, तर शून्य सदिशाचा ताळा प्रत्येक मॅट्रिक्ससाठी आणि प्रत्येक λ साठी जुळतो. λ च्या जागी 2 ऐवजी 17 घातलेस तरी दोन्ही बाजूंना शून्यच येईल. जो सदिश सगळ्याच संख्यांना होकार देतो, तो कोणत्या संख्येचा आहे हे कसे सांगणार? व्याख्येतून त्याला वगळले आहे ते याच कारणाने.

मैथिली_रावपुरा

धन्यवाद सर. म्हणजे एकच समीकरण उरले आहे, 2x − y + 3z = 0. मग त्याचे सहगुणक घेऊन आयगेन व्हेक्टर (2, −1, 3) असा लिहिला तर चालेल का?

मांडवीचा_मंदार

मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या बाबतीत शून्य अगदी वेगळ्या कारणाने आले होते, म्हणून तेही इथे लिहून ठेवतो. मॅट्रिक्स लहानच होते: पहिली ओळ 1, 2 आणि दुसरी ओळ 3, 2. मी समीकरण λ² + 3λ − 4 = 0 असे मांडले आणि मुळे 1 आणि −4 काढली. λ = 1 घेतल्यावर ओळी 0, 2 आणि 3, 1 अशा आल्या. पहिलीवरून y = 0 आणि मग दुसरीवरून x = 0. मी (0, 0) लिहून पुढे गेलो.

घरी आल्यावर पाहिले तर समीकरणात मधल्या पदाचे चिन्ह चुकले होते. तिथे −3λ हवे होते आणि खरी मुळे 4 आणि −1 आहेत. व्हेक्टर अनुक्रमे (2, 3) आणि (1, −1) येतात. मला खटकले ते असे की परीक्षेत मी मुळांचा गुणाकार डिटरमिनंटशी जुळवून पाहिला होता. 1 × (−4) = −4, आणि डिटरमिनंटही 2 − 6 = −4. तरीही λ चुकीच्याच होत्या.

दांडियाबाजार_शिकवणी

मंदार, हे उदाहरण फार उपयोगी आहे. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समध्ये मधल्या पदाचे चिन्ह उलटले की दोन्ही मुळांची चिन्हे उलटतात आणि गुणाकार मात्र तसाच राहतो, म्हणून डिटरमिनंटचा ताळा ही चूक कधीच पकडू शकत नाही. बेरजेचा ताळा ती लगेच पकडतो, कारण तुझ्या मुळांची बेरीज −3 आहे आणि कर्णाची बेरीज 3. दोन्ही ताळे करावेत, आणि वेळ एकाच ताळ्याला असेल तर बेरजेचा करावा, कारण त्याला काही सेकंद पुरतात.

पार्थ यांचा नियम खरा ठरतो तो इथे. मंदारच्या ओळी 0, 2 आणि 3, 1 एकमेकींच्या पटीत नाहीत. दोन अज्ञातांसाठी दोन खरी समीकरणे उरली, म्हणून शून्याखेरीज उत्तरच नाही, आणि आयगेन व्हॅल्यूच्या बाबतीत असे कधीही घडू शकत नाही. तेव्हा शून्य दिसले की प्रथम ओळी मोजाव्यात. रो रिडक्शननंतर जितके अज्ञात तितक्याच ओळी शिल्लक राहिल्या, तर λ चुकली आहे किंवा रिडक्शनमध्ये हात घसरला आहे. ओळी कमी उरल्या आणि तरीही शून्य आले, तर λ ठीक आहे, चूक उत्तर वाचण्यात आहे.

आता मैथिलीचा प्रश्न. (2, −1, 3) हे उत्तर चुकीचे आहे, आणि ही चूक मी दरवर्षी पाहतो. समीकरणाचे सहगुणक म्हणजे त्या प्रतलाला लंब असलेली दिशा. आपल्याला प्रतलाच्या आत पडलेली दिशा हवी आहे. तूच समीकरणात घालून पाहा: 2·2 + (−1)(−1) + 3·3 = 14, शून्य नव्हे. उरलेल्या ओळी आपल्याला व्हेक्टरवरची अट सांगतात, त्या स्वतः व्हेक्टर नसतात.

मैथिली_रावपुरा

आता समजले. y = 2x + 3z असे लिहिले, म्हणजे x आणि z हे दोन्ही मला हवे तसे घेता येतात. x = 1, z = 0 घेतल्यावर (1, 2, 0) आणि x = 0, z = 1 घेतल्यावर (0, 3, 1). यावेळी A ने प्रत्यक्ष गुणून पाहिले. पहिल्याचे (2, 4, 0) आणि दुसऱ्याचे (0, 6, 2) आले, म्हणजे दोन्ही बरोबर दुप्पट झाले. आधी घाईत बाजू बदलताना मी y = 2x − 3z लिहिले होते. त्यावरून आलेला (0, −3, 1) हा गुणल्यावर (6, 6, 8) देत होता, त्यामुळे चिन्हाची चूक लगेच दिसली.

प्रतापनगरचा_पार्थ

मी माझे आधीचे विधान मागे घेतो. म्हणजे आता नियम असा म्हणायचा का, की λ दोनदा आली तर व्हेक्टरही दोन मिळायलाच हवेत, आणि एकच मिळाला तर आपली चूक झाली आहे?

दांडियाबाजार_शिकवणी

नाही पार्थ, तसेही म्हणता येणार नाही. पहिली ओळ 2, 1 आणि दुसरी ओळ 0, 2 असे मॅट्रिक्स घ्या. इथे λ = 2 दोनदा येते. 2I वजा केल्यावर ओळी 0, 1 आणि 0, 0 उरतात, म्हणजे y = 0 ही एकच अट आणि x मोकळा. व्हेक्टर (1, 0) हाच, आणि त्याच्या पटी. दुसरी स्वतंत्र दिशा अस्तित्वातच नाही. अशा वेळी दोनाचा आकडा भरून काढण्यासाठी मुले दुसरा म्हणून (0, 0) लिहितात किंवा (2, 0) लिहितात. (0, 0) हा आयगेन व्हेक्टरच नाही आणि (2, 0) ही (1, 0) चीच पट आहे. λ किती वेळा आली यावरून व्हेक्टर जास्तीत जास्त किती असतील एवढेच कळते. प्रत्यक्षात किती आहेत हे उरलेल्या ओळी मोजूनच ठरते: अज्ञातांच्या संख्येतून उरलेल्या ओळी वजा करा. मैथिलीच्या उदाहरणात 3 − 1 = 2, इथे 2 − 1 = 1.

कमाटीबाग_सकाळ

शून्य चालत नाही हे मलाही ठाऊक होते आणि म्हणून मी एका गणितात λ = 0 आली तेव्हा ती उत्तरातून वगळली. ओळी 1, 2 आणि 2, 4 होत्या. मुळे 0 आणि 5. मी फक्त 5 चा व्हेक्टर लिहिला, तरी गुण कापले गेले. इथे सगळे शून्य नको म्हणत आहेत, मग माझे काय चुकले?

अलकापुरी_अध्यापिका

येथे चर्चा चालली आहे ती शून्य सदिशाबद्दल, शून्य आयगेन व्हॅल्यूबद्दल नव्हे. λ शून्य असण्यास काहीही हरकत नाही. तुमच्या उदाहरणात x + 2y = 0 ही अट मिळते आणि (2, −1) हा पूर्णपणे योग्य आयगेन व्हेक्टर आहे. मॅट्रिक्सने गुणल्यावर तो शून्यावर जातो, म्हणजेच स्वतःच्या शून्यपट होतो. ज्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट शून्य असतो, त्याला ही आयगेन व्हॅल्यू असतेच.

आता तिरकस गुणाकाराबद्दल थोडे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले आहे आणि माझे स्पष्ट मत आहे की तीन बाय तीनसाठी ही रीत पहिल्या वर्षात शिकवूच नये. ती ओळी एकसारख्या असताना फसते, हे वर आलेच आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की λ चुकली असली तरी ती शून्य देऊन आपल्याला सावध करत नाही. मैथिलीच्याच मॅट्रिक्समध्ये कोणी चुकून λ = 3 काढली आहे असे समजा. A − 3I च्या ओळी अशा येतात:

```
1  -1   3
4  -3   6
2  -1   2
```

पहिल्या दोन ओळींचा तिरकस गुणाकार 3, 6, 1 असा सुबक व्हेक्टर देतो. विद्यार्थी समाधानाने पुढे जातो. रो रिडक्शन केले असते तर तीन ओळी उरल्या असत्या, शून्य आले असते आणि मंदारप्रमाणे निदान शंका तरी आली असती.

दांडियाबाजार_शिकवणी

ताई, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर उपाय त्या रीतीतच आहे आणि तो शिकवला जात नाही याचे मला वाईट वाटते. न वापरलेल्या तिसऱ्या ओळीत तो व्हेक्टर घालून पाहावा. 2·3 − 1·6 + 2·1 = 2. शून्य आले नाही, म्हणजे λ = 3 चुकीची आहे. हा 2 आकडा योगायोगाने आलेला नाही. तिरकस गुणाकाराने आलेले आकडे तसेच ठेवले, कशाने भागले नाहीत, तर तिसऱ्या ओळीशी त्यांचा गुणाकार म्हणजे A − λI चा डिटरमिनंटच असतो. तो शून्य नसेल तर ती आयगेन व्हॅल्यू नाही. एका ओळीच्या हिशेबात λ ची फेरतपासणी होते.

मधल्या चिन्हाची चूकही याच ओळीत सापडते. λ = 5 साठी y चे चिन्ह बदलायला विसरले तर (1, −2, 1) येतो. A − 5I ची तिसरी ओळ 2, −1, 0 आहे, तिच्यात घातल्यावर 2 + 2 + 0 = 4 येते. माझ्या पाहण्यात या रीतीतील सर्वाधिक चुका याच चिन्हाच्या आहेत.

अलकापुरी_अध्यापिका

तपासणी उत्तम आहे. पण जी रीत वापरताना आधी ओळी पटीत आहेत का ते पाहावे लागते, मधले चिन्ह लक्षात ठेवावे लागते आणि शेवटी तिसरी ओळ तपासावी लागते, तिच्यापेक्षा रो रिडक्शन सरळ आहे असे मी अजूनही म्हणेन, कारण किती व्हेक्टर मिळणार हेही त्यातच कळते.

विश्वामित्री_निवृत्त

मी यंत्र अभियंता होतो, आता निवृत्त आहे. आपण सगळे पूर्णांकांची उदाहरणे घेत आहात. आमच्या कामात आयगेन व्हॅल्यू कधीच इतकी सुबक येत नसे, आणि तेव्हा रो रिडक्शनसुद्धा खोटे शून्य देते. दोन सारखी वस्तुमाने, दोन सारख्या स्प्रिंगा आणि एक टोक भिंतीला जखडलेले, ही कंपनांची अगदी प्राथमिक रचना घ्या. एकके सोपी केली तर मॅट्रिक्सच्या ओळी 2, −1 आणि −1, 1 अशा येतात. लहान आयगेन व्हॅल्यू (3 − √5)/2, म्हणजे सुमारे 0.382. तरुणपणी मी ती 0.38 धरून पुढे गेलो. ओळी 1.62, −1 आणि −1, 0.62 झाल्या. दुसरी ओळ 1.62 ने गुणून पहिलीत मिळवली, तर 0.0044y = 0 उरले. म्हणजे y = 0, x = 0. मी अर्धा दिवस मॅट्रिक्स तपासत बसलो, आणि चूक होती ती फक्त दशांश तोडण्याची.

यावरून शिकलो ते असे की λ अंदाजे असेल तर सगळी समीकरणे एकदम पाळली जाण्याची अपेक्षाच ठेवू नये. पहिल्या ओळीवरून y = 1.62x घेतले, व्हेक्टर (1, 1.62) लिहिला आणि दुसऱ्या ओळीत घातला, तर 0.0044 उरले. अचूक उत्तर (1, 1.618) आहे, म्हणजे कामापुरते ते पुरेसे होते.

मांडवीचा_मंदार

काका, मग माझी चूक आणि तुमची चूक यांत फरक कसा ओळखायचा? माझ्या गणितातही दोन ओळी उरल्या होत्या आणि तुमच्याही उरल्या.

विश्वामित्री_निवृत्त

उरलेला आकडा किती मोठा आहे ते पाहावे. तुमच्या ओळी 0, 2 आणि 3, 1. त्यांचा डिटरमिनंट −6, म्हणजे मॅट्रिक्समधल्या आकड्यांच्याच तोलाचा. माझ्याकडे 1.62 च्या शेजारी 0.0044 उरले होते आणि λ मध्ये मी 0.002 ची काटछाट केली होती. काटछाटीच्या मापाचा आकडा उरला तर तो काटछाटीचाच असण्याचा संभव मोठा. तीन किंवा अधिक अज्ञात असले की कोणते समीकरण सोडावे हा प्रश्न मात्र अवघड होतो. उरलेल्या दोन ओळी जवळजवळ पटीत असतील तर उत्तर भलतीकडे जाते, आणि ते हाताने ओळखण्याची खात्रीशीर युक्ती मला कधी सापडली नाही. मी दोन वेगवेगळ्या ओळी सोडून दोनदा सोडवत असे आणि उत्तरे जुळतात का ते पाहत असे.

प्रतापनगरचा_पार्थ

गुणांबद्दल एक विचारायचे होते. चुकीच्या λ वरून पुढचे सगळे बरोबर केले, तर पद्धतीचे गुण मिळावेत ना?

अलकापुरी_अध्यापिका

डिटरमिनंटमध्ये हिशेबाची चूक होऊन λ चुकली आणि विद्यार्थ्याने "शून्येतर उत्तर मिळत नाही, म्हणून ही आयगेन व्हॅल्यू असू शकत नाही" असे लिहून ठेवले, तर मी पद्धतीचे बहुतेक गुण देत असे, कारण त्याला विषय समजला आहे. त्याने (0, 0, 0) लिहून खाली रेघ ओढली तर देत नसे. सगळे परीक्षक असे करत नाहीत, हेही मला माहीत आहे.

दांडियाबाजार_शिकवणी

मी इतका कठोर राहत नाही. तीन तासांच्या परीक्षेत मागे जाऊन λ शोधणे प्रत्येकाला जमत नाही. पण ते एक वाक्य लिहायला हवे, याबाबत मी ताईंशी सहमत आहे.

मैथिली_रावपुरा

एक शेवटची शंका. माझ्या मैत्रिणीने λ = 2 साठी (1, 5, 1) आणि (1, −1, −1) असे व्हेक्टर लिहिले होते, आणि नमुना उत्तरात (1, 2, 0) आणि (0, 3, 1) आहेत म्हणून तिचे गुण कापले गेले. मी आत्ता तिचे दोन्ही A ने गुणून पाहिले. (2, 10, 2) आणि (2, −2, −2) आले, म्हणजे दोन्ही दुप्पट झाले, आणि ते एकमेकांच्या पटीतही नाहीत. मग तिचेही बरोबरच आहे ना?

दांडियाबाजार_शिकवणी

पूर्णपणे बरोबर आहे. (1, 5, 1) हा नमुना उत्तरातील दोन व्हेक्टरांची बेरीज आहे आणि (1, −1, −1) ही त्यांची वजाबाकी. प्रतल तेच, त्यातल्या निवडलेल्या दोन दिशा निराळ्या. तिने हे दोन गुणाकार कागदावर मांडून फेरतपासणीचा अर्ज करावा आणि मुदत संपण्यापूर्वी करावा.